4KSG4KSI म्हणजे ‘आई’

मराठीत आलेल्या एखाद्या ईमेलचं मूळ रूप कधी उघडून पाहा. जीमेलमध्ये संदेशाच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टिचकी मारली की Show original असा पर्याय दिसतो. इतर सेवांमध्येही तो कुठेतरी असतोच. त्यात मराठी बहुधा दिसतच नाही. पडद्यावर येतात ती रोमन अक्षरं आणि आकडे, ओळीमागून ओळी. विषयाच्या जागी ‘आई’ एवढा एकच शब्द लिहिलेला असेल, तर तिथे हे दिसेल:

```
Subject: =?UTF-8?B?4KSG4KSI?=
```

थोडं खाली पाहिलं तर 4KS ही तीन चिन्हं पुन्हापुन्हा येताना दिसतात, मध्येच 4KW येतं, आणि शेवटी कधी एक, कधी दोन बरोबरची चिन्हं लटकलेली असतात. फोटो किंवा पीडीएफ जोडलेली असेल तर अशा हजारो ओळी असतात. पाहणाऱ्याला वाटतं, ही सांकेतिक भाषा आहे, कुणीतरी कुलूप लावलंय. तसं काही नाही. या पद्धतीचं नाव बेस-६४. तिच्यात गुपित काहीच नाही, सारा कारभार चौसष्ट चिन्हांच्या एका उघड्या कोष्टकावर चालतो. कागद-पेन्सिल घेतली तर वरचा मजकूर कुणालाही हाताने वाचता येतो, आणि मराठी मजकूर तर इंग्रजीपेक्षाही सोप्या रीतीने वाचता येतो. कसा, ते पुढे येईलच.

आधी, याची गरजच का पडली?

संगणकाच्या लेखी फोटो, गाणं, पत्र हे सगळं बाइटांची रांग असतं. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणजेच शून्य ते २५५ मधली एक संख्या. ईमेल ज्या नियमांनी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते, ते जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले. आठ नव्हे, सात बिटांच्या आस्की अक्षरांचा मजकूर वाहून न्यायचा, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आस्कीत एकूण १२८ खुणा. त्यातल्या, कोरी जागा धरून, ९५ छापता येण्याजोग्या आणि उरलेल्या ‘नवी ओळ’, ‘घंटी वाजव’ अशा यंत्रासाठीच्या सूचना. इंग्रजी पत्राला एवढं पुरेसं होतं. वाटेतल्या कित्येक यंत्रांनी मग आठव्या बिटाची पर्वाच केली नाही. काही ते सरळ शून्य करून पुढे पाठवत.

मराठीचं अशा वाटेवर काय होईल, ते एका अक्षरावर पाहू. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘आ’ साठी तीन बाइट लागतात: २२४, १६४ आणि १३४. प्रत्येकातला वरचा बिट खोडला तर उरतात ९६, ३६ आणि ६. आस्कीत ९६ म्हणजे उलटा स्वल्पविरामासारखा एक फटकारा, ३६ म्हणजे डॉलरचं चिन्ह, आणि ६ ही न दिसणारी सूचना. ‘आ’ पाठवला, पोचला `$ एवढाच. आणि खोडलेले बिट परत आणण्याचा कुठलाही मार्ग नाही, कारण शून्य झालेला बिट मुळात शून्य होता की एक, हे कुठेच नोंदलेलं नसतं.

संकट एवढ्यावरच थांबत नव्हतं. ओळीची लांबी शेवटच्या दोन खुणांसकट एक हजाराच्या आत ठेवावी, असा नियम होता. फोटोला ओळी नसतातच. ओळ संपल्याची खूण वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळी, त्यामुळे वाटेत ती बदलली जाई. मजकुरात ती निरुपद्रवी, पण फोटोत तीच संख्या रंगाचा भाग म्हणून आली असेल तर फोटो बिघडला. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर तर आस्कीच नव्हती. तिथली एब्सिडिक ही अक्षरपद्धती वेगळी, म्हणून प्रत्येक पत्राचं रूपांतर व्हायचं आणि काही चिन्हं दोन्हीकडे एकसारखी जुळायचीच नाहीत.

उपाय उघड होता. सगळ्या यंत्रांना सारखी कळतील, वाटेत कुणी बदलणार नाही, अशी मोजकीच चिन्हं निवडायची आणि सगळे बाइट त्या चिन्हांत लिहून काढायचे. पण मोजकी म्हणजे किती? छापता येण्याजोगी चिन्हं ९५. सात बिटांना १२८ लागतील, तेवढी नाहीतच. सहा बिटांना ६४ लागतात. तेवढी निवडता येतात, आणि नाठाळ चिन्हं वगळायला वावही उरतो.

ही निवड पहिल्या फटक्यात जमली नाही, आणि मला या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. १९८०मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी यूयूएनकोड नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातही सहा-सहा बिटच होते. चौसष्ट चिन्हं निवडताना मात्र आस्कीतली ३२ ते ९५ ही सलग रांग घेतली होती. हिशेब सोपा: संख्येत ३२ मिळवा की चिन्ह तयार, कोष्टक लागतच नाही. पण ३२ म्हणजे कोरी जागा, आणि ओळीच्या शेवटच्या कोऱ्या जागा काही यंत्रं निरुपयोगी समजून कापून टाकत. मग कोऱ्या जागेऐवजी दुसरं चिन्ह वापरायची पळवाट निघाली. त्याच रांगेत चौकोनी कंस, उलटी तिरकी रेघ अशी चिन्हंही होती. जर्मनी, स्वीडन अशा देशांनी नेमक्या याच जागांवर आपापली जादा अक्षरं बसवलेली होती, आणि एब्सिडिकमध्येही ही चिन्हं सगळीकडे एका जागी नव्हती. त्यामुळे एका देशातून दुसऱ्या देशात, किंवा एका जातीच्या यंत्रातून दुसऱ्या जातीच्या यंत्रात जाताना फाइल बिघडायची.

१९८७मध्ये ईमेल गुप्त ठेवण्याच्या एका योजनेसाठी सलग रांगेचा मोह सोडून चिन्हं वेचून घेतली गेली: A ते Z, a ते z, 0 ते 9, म्हणजे बासष्ट, आणि भरीला + व /. ही चौसष्टही चिन्हं आस्कीच्या सर्व राष्ट्रीय आवृत्त्यांत आणि एब्सिडिकच्याही सर्व आवृत्त्यांत सारखीच सापडतात, म्हणून ती निवडली. सलग नसल्यामुळे आता कोष्टक मात्र लागणार. A म्हणजे ०, Z म्हणजे २५, a म्हणजे २६, z म्हणजे ५१, आकडा 0 म्हणजे ५२, 9 म्हणजे ६१, + म्हणजे ६२ आणि / म्हणजे ६३. नेथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२मध्ये आरएफसी १३४१ प्रसिद्ध करून ईमेलला जोडपत्रं लावण्याची माइम नावाची रीत घालून दिली, तेव्हा हेच कोष्टक त्यांनी घेतलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बोरेनस्टीन यांनी या रीतीने एक ईमेल पाठवून पाहिली होती. तिच्यासोबत ते स्वतः ज्यात गात असत त्या चौघांच्या गायकसंचाचा फोटो आणि त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण होतं.

आता पेन्सिल घ्या. बाइट आठ बिटांचा, चिन्ह सहा बिटांचं. आठ लिटरच्या तीन भरलेल्या कॅनमधलं दूध सहा लिटरच्या चार कॅनमध्ये थेंबही न सांडता बसतं, तसे तीन बाइट चार चिन्हांत बरोबर मावतात: दोन्हीकडे चोवीसच बिट. ‘आ’चे तीन बाइट बिटांत मांडू, आणि मग तेच बिट जागचे न हलवता सहा-सहाच्या गटांत वाचू:

```
11100000 10100100 10000110
111000 001010 010010 000110
56     10     18     6
4      K      S      G
```

झालं. ‘आ’ म्हणजे 4KSG. ‘ई’चे बाइट २२४, १६४, १३६, शेवटचा गट ००१०००, म्हणजे ८, म्हणजे I. ‘ई’ झाला 4KSI. दोन्ही जोडले की लेखाच्या सुरुवातीचा विषय तयार.

इथे मराठी वाचकाच्या फायद्याची गोष्ट आहे. युनिकोडमधल्या देवनागरी पट्ट्यातलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये बरोबर तीन बाइट घेतं, आणि तीन बाइट म्हणजे बरोबर चार बेस-६४ चिन्हं. म्हणजे सलग मराठी शब्दात दर चार चिन्हांना देवनागरीचं एक चिन्ह, ना कमी ना जास्त. शिवाय पट्ट्यातल्या पहिल्या अर्ध्या चिन्हांचे पहिले दोन बाइट २२४, १६४ असतात, म्हणून 4KS. उरलेल्या अर्ध्यांचे २२४, १६५ असतात, म्हणून 4KW. स्वर, व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी पहिल्या अर्ध्यात. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्ताची खूण आणि देवनागरी आकडे दुसऱ्यात. अक्षर कोणतं ते फक्त चौथं चिन्ह सांगतं. ‘मराठी’ हा शब्द असा दिसतो:

```
4KSu 4KSw 4KS+ 4KSg 4KWA
म    र    ा    ठ    ी
```

समजावं म्हणून मी मध्ये जागा सोडल्या आहेत. खऱ्या मजकुरात त्या नसतात. काना आणि वेलांटी इथे स्वतंत्र उभ्या राहतात, कारण युनिकोडमध्ये त्या स्वतंत्रच आहेत. जोडाक्षरही तसंच: ‘क्ष’ म्हणजे क, हलन्ताची खूण आणि ष, म्हणून बारा चिन्हं, 4KSV4KWN4KS3. काना म्हणजे + हे लक्षात ठेवा. पुढे तोच घोळ घालणार आहे.

आता शेवटी लटकणाऱ्या बरोबरच्या चिन्हांकडे येऊ. बाइटांची संख्या तीनच्या पटीत असेल तर काही प्रश्न नाही. पण ‘आई!’ लिहिलं तर? उद्गारचिन्ह आस्कीतलं, एकाच बाइटाचं, संख्या ३३. सहा बाइट संपले आणि एक उरला. त्याच्या आठ बिटांतले सहा एका चिन्हात गेले, दोन उरले. दुसरं चिन्ह पूर्ण करायला चार बिट कमी पडतात, ते शून्यांनी भरायचे. दोन चिन्हं झाली; चारचा गट पुरा करायला पुढे दोन = लावायची. दोन बाइट उरले असतील तर तीन चिन्हं होतात आणि एक = लागतं. तीन उरले तर काहीच नाही:

```
आई!    4KSG4KSIIQ==
आई!!   4KSG4KSIISE=
आई!!!  4KSG4KSIISEh
```

म्हणून शेवटी तीन = कधीच येत नाहीत, आणि मध्येच = आलं तर समजावं की दोन वेगळे तुकडे कुणीतरी एकमेकांना चिकटवलेत. = हे पासष्टावं चिन्ह; त्याला स्वतःची किंमत नाही. ‘शेवटच्या गटात खरे बाइट किती’ एवढंच ते सांगतं. लांबी दुसऱ्या कुठून कळत असेल तर त्याच्यावाचूनही अडत नाही, म्हणून काही ठिकाणी ते गाळतात. यात एक बारीक फट आहे. IQ== मधल्या Q चे शेवटचे चार बिट नुसते भरीचे आहेत. त्याजागी R लिहिला, म्हणजे IR== केलं, तरी ढिलाईने वाचणारा प्रोग्रॅम त्यातून तेच उद्गारचिन्ह काढतो. भरीचे बिट शून्यच असले पाहिजेत, असं ऑक्टोबर २००६च्या आरएफसी ४६४८मध्ये सांगितलं आहे, आणि कडक प्रोग्रॅम दुसरं रूप नाकारू शकतो. एकाच मजकुराची दोन रूपं चालू दिली तर ‘हे दोन मजकूर सारखे आहेत का’ ही तपासणी फसते.

मघाशी मी ‘सलग मराठी शब्दात’ असं म्हटलं ते मुद्दाम. दोन शब्दांमधली कोरी जागा ही आस्कीतली, एका बाइटाची. ती आली की पुढचं सगळं एका बाइटाने सरकतं. ‘ आई’ असं आधी जागा सोडून लिहिलं तर IOCkhuCkiA== मिळतं; 4KS गायब. त्याच्या जागी uCk, OCk असं ‘Ck’ डोकावतं. दुसऱ्या कोऱ्या जागेनंतर आणखी सरकून ‘gp’ डोकावू लागतं आणि तिसऱ्यानंतर 4KS परत येतं. मराठी परिच्छेदाचं मूळ रूप पाहताना हे तीन सूर आळीपाळीने दिसतात, आणि शब्द कुठे संपला ते डोळ्यांनीच कळतं.

हीच नजर जोडपत्रांनाही लागू पडते. प्रत्येक जातीच्या फाइलचे सुरुवातीचे बाइट ठरलेले असतात, म्हणून बेस-६४मधली सुरुवातही ठरलेली असते. जेपीईजी फोटो /9j/ ने सुरू होतो, पीडीएफ JVBERi ने. नाव ‘बिल.pdf’ आणि मजकुराची सुरुवात UEsDBB अशी असेल, तर आत पीडीएफ नाही, झिप फाइल आहे. वर्डची नवी docx फाइलही आतून झिपच असते, तीही अशीच सुरू होते. अनोळखी पत्त्यावरून आलेलं जोडपत्र न उघडता एवढं पाहून घेता येतं.

एक गैरसमज मात्र इथेच दूर केला पाहिजे, कारण त्याने खरं नुकसान होतं. बेस-६४ म्हणजे सुरक्षितता नाही. कोष्टक जगजाहीर आहे, किल्ली अशी वस्तूच नाही. पासवर्ड, आधार क्रमांक किंवा रुग्णाची माहिती बेस-६४मध्ये ठेवून ‘एनक्रिप्ट केली आहे’ असं कुणी सांगत असेल, तर ती माहिती उघडीच पडली आहे असं समजा. हे रूपांतर माहिती लपवण्यासाठी जन्मलेलं नाही. ती वाटेत न बिघडता पोचावी, एवढंच त्याचं काम.

त्या कामाची किंमत मोजावी लागते. तीन बाइटांची चार चिन्हं, म्हणजे एकतृतीयांश वाढ. शिवाय ईमेलमध्ये एका ओळीत ७६हून जास्त चिन्हं ठेवत नाहीत. ७६ चिन्हांत ५७ बाइट मावतात, आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा धरून ते ७८ होतात. म्हणजे जवळपास ३७ टक्के जादा ओझं. ‘पंचवीस एमबीची मर्यादा आहे, माझी फाइल वीस एमबीची, तरी परत का आली?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वीसचे तिथे सत्तावीसच्या वर होतात. सर्व्हर रूपांतरित संदेशाचं वजन मोजत असेल, तर पंचवीसच्या मर्यादेत मूळ फाइल अठराच्या आसपासच बसते.

मराठी मजकुरासाठी मात्र ही किंमत कमीच म्हणायची. माइममध्ये दुसरीही एक रीत आहे, क्वोटेड-प्रिंटेबल. तिच्यात आस्की अक्षरं जशीच्या तशी राहतात आणि बाकीचा प्रत्येक बाइट तीन चिन्हांत लिहितात. ‘आ’ तिथे =E0=A4=86 असा, नऊ चिन्हांचा होतो. बेस-६४मध्ये चारच. इंग्रजीला, किंवा अधूनमधून एखादं जादा अक्षर येणाऱ्या फ्रेंचला ती रीत सोयीची. मराठीला बेस-६४.

आणि आता घोळाकडे. मराठी वाचकांच्या नित्य अनुभवात दोन घोळ आहेत, आणि दोन्हींचा उगम याच हिशेबात आहे.

पहिला विषयाच्या ओळीतला. लांब मराठी विषयाच्या मध्येच � असे काळे चौकटीतले प्रश्न दिसतात आणि पुढे पुन्हा नीट मराठी सुरू होतं, हे अनेकांनी पाहिलं असेल. विषयाच्या ओळीतलं रूपांतर ‘=?UTF-8?B?’ ने सुरू होऊन ‘?=’ ने संपतं, आणि असा एक तुकडा ७५ चिन्हांहून लांब असू नये असा नियम आहे. वेष्टनाची बारा चिन्हं वजा केली तर ६३ उरतात. चारच्या पटीत ६०, म्हणजे ४५ बाइट. सलग मराठी असेल तर बरोबर पंधरा अक्षरखुणा. पण मध्ये एक कोरी जागा आली की एक बाइट तिला गेला, उरलेल्या ४४मध्ये चौदा खुणा बसल्या आणि पंधरावीचे दोनच बाइट आले. तिसरा पुढच्या तुकड्यात पडला. १९९६च्या आरएफसी २०४७मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की अक्षर असं मध्ये तोडू नये, प्रत्येक तुकड्यात पूर्ण अक्षरंच असावीत. पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने बाइट मोजून आंधळेपणाने कापलं, तर वाचणाऱ्याला दोन्हीकडे अर्धवट अक्षर मिळतं आणि तो � दाखवतो. काही प्रोग्रॅम सगळे तुकडे आधी जोडून मग वाचतात, त्यांच्याकडे दोष झाकला जातो. म्हणून तीच ईमेल एका फोनवर नीट आणि दुसऱ्यावर फुटलेली दिसते.

दुसरा घोळ दुव्यांतला. नोंदणी पक्की करण्यासाठी ईमेलमधून आलेला दुवा असतो, त्यात कधीकधी तुमचं नाव किंवा गावाचं नाव बेस-६४ करून घातलेलं असतं. वेबपत्त्याच्या प्रश्नचिन्हापुढच्या भागात + या चिन्हाचा अर्थ ठरलेला आहे: कोरी जागा. तिरक्या रेघेलाही पत्त्यात वेगळा अर्थ आहे. आणि शब्दाच्या सुरुवातीच्या मांडणीत मराठीचा काना होतो +, तर ऱ्हस्व वेलांटी होते /. म्हणजे आपल्या लिपीतल्या सर्वांत जास्त लागणाऱ्या खुणांपैकी दोन, नेमक्या त्या दोन चिन्हांवर जाऊन बसल्या आहेत. मांडणी सरकली की हा मान दुसऱ्या अक्षरांकडे जातो, पण ही चिन्हं येत राहतातच.

‘मराठी’ हाच शब्द अशा दुव्यातून पाठवला तर काय पोचतं? + ची कोरी जागा झाली, आणि अनोळखी चिन्ह म्हणून वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ती टाकून दिली. वीसऐवजी एकोणीस चिन्हं उरली आणि पुढचे सगळे गट एकेक चिन्ह मागे सरकले:

```
4KSu 4KSw 4KS4 KSg4 KWA
म    र    स    )(8  ...
```

4KS4 म्हणजे ‘स’. मूळ शब्दात कुठेही नसलेला ‘स’ उगवला, त्यामागे कंस आणि आकडा, आणि शेवटी जोडीदार नसलेली तीन चिन्हं. कडक प्रोग्रॅम इथे चूक दाखवून थांबतो. ढिला ‘मरस)(8’ साठवून मोकळा होतो. अशा ठिकाणी शब्दाची सुरुवात बरोबर आणि मग अचानक कचरा, ही या दोषाची खात्रीची खूण आहे. उपाय आरएफसी ४६४८मध्येच दिला आहे: पत्त्यात वापरायचं असेल तर + ऐवजी - आणि / ऐवजी _ घ्यायचं, बाकी कोष्टक तेच. ते नको असेल तर पत्त्यात + ऐवजी %2B आणि / ऐवजी %2F लिहायचं.

हा दोष इतकी वर्षं टिकून का आहे, याचं कारण आकड्यांत आहे. इंग्रजी मजकुरात प्रत्येक बाइटाचा वरचा बिट शून्य असतो. तो शून्य गटाच्या पहिल्या तीन चिन्हांमध्ये अशा जागी पडतो, की ६२ किंवा ६३ ही संख्या तिथे तयारच होऊ शकत नाही. चौथ्या चिन्हात ती होते, पण फक्त तिसरा बाइट >, ~ किंवा ? असेल तेव्हा, न दिसणारी १२७ क्रमांकाची खूण आपण टाइप करत नाही. इंग्रजी अक्षरं आणि आकडे कितीही लिहा, + किंवा / कधीच येणार नाही. प्रोग्रॅम लिहिणारा test लिहून पाहतो, dGVzdA== मिळतं, दुवा चालतो, काम संपतं. दोष पहिल्यांदा दिसतो तो ‘सांगली’ किंवा ‘नाशिक’ लिहिणाऱ्या माणसाला, आणि त्याला वाटतं आपल्याच फोनमध्ये मराठी नीट चालत नाही.

तेव्हा ग्रंथालयाचं, पतपेढीचं, शाळेचं किंवा नगरपालिकेचं संकेतस्थळ बांधणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. दुवे आणि ईमेल तपासताना test हा शब्द सोडून द्या आणि ‘मराठी’ लिहून पाहा. त्यातला एक काना पुरेसा आहे. मग लांब विषयाची, चारपाच शब्दांची एक ईमेल स्वतःला पाठवा, दोन वेगळ्या फोनांवर उघडा, आणि त्यात � दिसत नाही याची खात्री झाल्यावरच काम पुरं झालं असं म्हणा.